कोल्हापूरचे अनुभवपत्र इटलीत वाचले जाते तेव्हा

उत्तर इटलीतला ब्रेशा जिल्हा आणि आपले कोल्हापूर यांत एक मोठे साम्य आहे. दोन्हीकडे धातूचे ओतकाम चालते आणि त्या ओतीव भागांना आकार देणारी लहान-मोठी मशीन शॉप्स गल्लोगल्ली उभी आहेत. त्यामुळे शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या वसाहतीत लेथवर हात बसलेल्या कामगाराने ब्रेशात अर्ज करावा, यात नवल काही नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये भारत आणि इटली यांच्यात स्थलांतर व रोजगाराविषयी करारही झाला. असा अर्ज करताना कामगार जुन्या मालकांकडे जातो आणि म्हणतो, ‘साहेब, एक पत्र द्या.’ मालक आपल्या भाषेत, म्हणजे मराठीत, चार ओळी लिहून देतात. पुढे त्या ओळींचे इटालियन भाषांतर होते.

या प्रवासात पत्राचे बरेच नुकसान होते आणि ते बहुतेक वेळा भाषांतरकाराच्या टेबलावर पोहोचण्याआधीच झालेले असते. मसुद्यात जे लिहिलेलेच नाही, ते कोणताही भाषांतरकार इटालियनमध्ये आणू शकत नाही. म्हणून मसुदा कसा असावा, हे एक उदाहरण घेऊन पाहू. किरण दत्तात्रय पाटील हे नाव आपण उदाहरणापुरते मानू. सीएनसी लेथवर काम केलेल्या किरण यांच्यासाठी मालकांनी लिहिलेला पहिला मसुदा साधारण असा असतो:

‘श्री. किरण पाटील हे आमच्याकडे सात-आठ वर्षे कामाला होते. ते अतिशय प्रामाणिक, कष्टाळू व निर्व्यसनी असून चांगल्या घराण्यातील आहेत. त्यांनी सीएनसीचे सर्व काम पाहिले. रोज शंभर-सव्वाशे जॉब काढायचे. कोणतेही काम सांगितले तरी कधी नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या पुढील वाटचालीस आमच्या हार्दिक शुभेच्छा.’

लिहिणाऱ्याचा जिव्हाळा या पत्रात पुरेपूर आहे. कोल्हापुरात दुसऱ्या कारखानदाराने ते वाचले तर त्याला सगळे समजेल, कारण तो मालकांना ओळखतो आणि फोन करून उरलेले विचारतो. ब्रेशातल्या वाचणाऱ्याजवळ मात्र हा एकच कागद असतो.

वाचणारा काय शोधतो

इटलीत अशा पत्राला ‘लेत्तेरा दि रेफेरेन्त्से’ म्हणतात. त्याच्या शेजारी आणखी एक कागद असतो, तो म्हणजे सेवेचा दाखला. इटलीच्या दिवाणी संहितेच्या कलम 2124 नुसार नोकरी कोणत्याही कारणाने संपली तरी मालकाने कामगाराला दाखला द्यायचा असतो आणि त्यात दोन गोष्टी नोंदवायच्या असतात: कामगार किती काळ नोकरीत होता आणि त्याने कोणती कामे केली. हा कायदा आपल्या मालकांना लागू नाही, पण इटालियन वाचणाऱ्याची नजर त्यावर घडलेली आहे. त्यामुळे शिफारसपत्र हातात आले तरी तो आधी तारखा आणि कामाचे स्वरूप शोधतो, आणि स्तुती त्यानंतर वाचतो.

याला पैशाचाही संबंध आहे. इटलीतल्या धातू-यंत्र उद्योगाच्या राष्ट्रीय वेतन करारात कामगारांच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. 2021 मध्ये त्या नव्याने मांडल्या गेल्या आणि आता डी-1 पासून ए-1 पर्यंत नऊ श्रेणी आहेत. कामगार कोणत्या श्रेणीत बसेल, हे तो प्रत्यक्षात काय करतो आणि किती स्वतंत्रपणे करतो यावर ठरते. सांगितलेला भाग मशीनला लावून बटण दाबणारा आणि ड्रॉइंग वाचून मशीन स्वतः तयार करणारा, हे दोघे एका श्रेणीत बसत नाहीत. आपल्या कारखान्यांत या दोघांना ऑपरेटर आणि सेटर म्हणतात. इटालियनमध्येही पहिल्याला ‘ओपेरातोरे’ आणि दुसऱ्याला ‘आत्रेत्सिस्ता’ असे वेगवेगळे शब्द आहेत. वरच्या मसुद्यात किरण यांपैकी कोण होते, ते कळत नाही.

‘सीएनसीचे सर्व काम पाहिले’ हे वाक्य इथेच अडते. मराठीत काम पाहणे म्हणजे ते करणे, त्याच्यावर देखरेख ठेवणे किंवा त्याची जबाबदारी घेणे, यांपैकी काहीही असू शकते. भाषांतरकाराला एक अर्थ निवडावा लागतो. त्याने ‘देखरेख केली’ असे लिहिले, तर किरण सुपरवायझर होते असे ब्रेशात समजेल आणि मुलाखतीत ते खोटे ठरेल. ‘काम केले’ एवढेच लिहिले, तर सेटर म्हणून काढलेली वर्षे पुसली जातील. दोन्हींत नुकसान किरण यांचेच आहे.

आदरार्थी मराठीतून हरवणारी माहिती

‘किरण पाटील यांनी काम केले’ या वाक्यावरून किरण पुरुष आहेत की स्त्री, हे सांगता येत नाही. आदरार्थी रूप आणि भूतकाळातली कर्मानुसार चालणारी क्रिया, या दोन्हींमुळे लिंग झाकले जाते. वरच्या मसुद्यात ‘श्री.’ आणि ‘होते’ आहे म्हणून निभावले. ते नसते आणि सगळी वाक्ये ‘यांनी काम केले’ अशीच असती, तर भाषांतरकाराला अंदाज करावा लागला असता. इटालियनमध्ये अंदाजाने भागत नाही, कारण तिथे ‘नोकरीवर घेतले’ हे पुरुषासाठी ‘आस्सुन्तो’ आणि स्त्रीसाठी ‘आस्सुन्ता’ असे लिहावे लागते. पत्राच्या प्रत्येक परिच्छेदात अशी रूपे येतात. किरण, सुहास, शीतल, ज्योती अशी नावे आपल्याकडे स्त्री-पुरुष दोघांचीही असतात. म्हणून श्री. किंवा श्रीमती हे पहिल्याच ओळीत असलेच पाहिजे.

दुसरी अडचण अनेकवचनाची. ‘ते कामाला होते’ हे आपल्याला आदरार्थी एकवचन वाटते. पण मराठीतून थेट इटालियनमध्ये नेणारे भाषांतरकार कमी आहेत. बरेचदा मसुदा आधी इंग्रजीत आणि तिथून इटालियनमध्ये जातो. या दोन उड्यांत ‘ते’ कधी कधी खरोखरचे अनेकवचन होते आणि पत्र एकाऐवजी अनेक माणसांविषयी बोलू लागते. ‘आमच्याकडे’, ‘आम्ही’ यांचेही तसेच. मालक एकटेच असतील आणि स्वतः किरण यांचे काम पाहत असतील, तर ‘मी या कारखान्याचा मालक असून सात वर्षे त्यांचे काम जवळून पाहिले आहे’ असे स्पष्ट लिहावे. आधाराला नेमके कोण उभे आहे, हे त्यातून कळते.

यावर उपाय सोपा आहे. मसुद्यात सर्वनामे कमी ठेवावीत, आडनाव पुन्हा पुन्हा लिहावे आणि एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. मराठीत असे वाचायला थोडे कोरडे वाटेल, पण भाषांतरात चूक शिरायला फट उरत नाही.

कारखान्यातले शब्द

‘रोज शंभर-सव्वाशे जॉब काढायचे.’ कोल्हापुरात जॉब म्हणजे मशीनवर लावलेला भाग, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असते. हाच शब्द इंग्रजीमार्गे इटालियनमध्ये गेला की त्याचा ‘लाव्होरो’, म्हणजे नोकरी किंवा काम होतो आणि किरण रोज शंभर नोकऱ्या करत होते असे काहीतरी तयार होते. तिथल्या मशीन शॉपमध्ये या भागाला ‘पेत्सो’ म्हणतात. कास्ट आयर्नची गतही अशीच होते. शब्दाला शब्द ठेवला की ते ‘ओतलेले लोखंड’ बनते. इटालियन कामगार त्याला ‘गीझा’ म्हणतो. आपण ज्याला सीआय म्हणतो ती ‘गीझा ग्रीज्या’ आणि ज्याला एसजी म्हणतो ती ‘गीझा स्फेरोइदाले’. या दोन धातूंचे कटिंग वेगळे असते, टूलची निवडही वेगळी असते, त्यामुळे ब्रेशातला फोरमन हे शब्द वाचून लगेच ओळखतो की माणसाने काय हाताळले आहे.

भाषांतरकार बहुधा भाषेचा जाणकार असतो, लेथचा नसतो. म्हणून मसुद्यासोबत दहा-बारा शब्दांची एक चिठ्ठी द्यावी. त्यात प्रत्येक शब्दापुढे वस्तू किंवा काम साध्या मराठीत समजावून सांगावे: जॉब म्हणजे मशीनवर कापला जाणारा धातूचा भाग, सेटिंग म्हणजे नवा भाग काढण्याआधी टूल आणि पकड बसवून मशीन तयार करणे, रिजेक्शन म्हणजे मापात न बसल्याने बाद झालेले भाग. एवढ्या आधारावर चांगला भाषांतरकार तिकडच्या धंद्यातला अचूक शब्द शोधू शकतो.

आकड्यांकडेही लक्ष हवे. इटलीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरतात. आपले 0.02 मिलिमीटर तिकडे 0,02 होते आणि 1,50,000 भाग हे 150.000 असे लिहिले जातात. सूत हे माप तर मसुद्यात नकोच. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे 3.2 मिलिमीटर, इटलीत ते कोणाला कळणार नाही. बारीक मापे तिथला कामगार मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, ‘चेन्तेझिमो’मध्ये बोलतो. आपण 20 मायक्रॉन म्हणतो ते तिथे दोन चेन्तेझिमी.

काय लिहू नये

‘निर्व्यसनी’ आणि ‘चांगल्या घराण्यातील’ हे शब्द आपल्याकडे मनापासून लिहिले जातात. इटलीत मात्र ते पत्राला जड होतात. 1970 च्या कायदा क्रमांक 300 ला तिथे कामगारांची सनद म्हणतात. त्याच्या आठव्या कलमाने मालकाला कामगाराची राजकीय, धार्मिक किंवा संघटनाविषयक मते शोधण्यास बंदी घातली आहे. कामाच्या पात्रतेशी संबंध नसलेल्या इतर गोष्टींची चौकशीही त्याला करता येत नाही. हे बंधन तिकडच्या मालकावर आहे, पत्र लिहिणाऱ्यावर नाही. तरीही जी माहिती विचारायची त्याला मनाई आहे, ती आपण हातात ठेवली तर तो अवघडतो. म्हणून घराणे, जात, धर्म, लग्न, आहार, युनियन यांतले काहीच पत्रात नको.

निर्व्यसनी लिहिताना मालकांना खरे तर सांगायचे असते की हा माणूस कामावर वेळेवर येतो, शुद्धीत येतो आणि मशीनवर हलगर्जी करत नाही. तेच हजेरीपटावरून लिहावे: ‘शेवटच्या तीन वर्षांत विनापरवाना गैरहजेरी नाही. त्यांच्या मशीनवर एकही अपघात नोंदलेला नाही.’ अर्थात, हजेरीपट आणि अपघातांची वही तसे सांगत असेल तरच. ‘प्रामाणिक’ हा शब्द ठेवायला हरकत नाही, पण त्याच्यामागे एक घटना हवी. बिघडलेला भाग लपवून पुढे न ढकलता स्वतःहून दाखवला, असे एखादे वाक्य तो शब्द खरा करते.

नाव आणि तारखा

इटलीतली कार्यालये नाव अक्षरशः जुळवून पाहतात. याचे कारण तिथल्या करक्रमांकात आहे. ‘कोदिचे फिस्काले’ हा 16 चिन्हांचा क्रमांक आडनाव, नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांवरून बनतो. नावातल्या व्यंजनांवरून तीन अक्षरे घेतात, आणि व्यंजने चार किंवा जास्त असतील तर पहिले, तिसरे व चौथे घेतात. फक्त किरण धरले तर अक्षरे येतात KRN. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचे नावही असेल आणि ‘किरण दत्तात्रय’ धरले, तर KND. एकाच माणसाचे दोन क्रमांक निघू शकतात. म्हणून पत्रात पासपोर्टवर आहे तेच पूर्ण नाव, त्याच स्पेलिंगने, आडनाव कोणते ते ठळकपणे दाखवून लिहावे. ‘के. डी. पाटील’ नको.

‘सात-आठ वर्षे’ हेही चालत नाही. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिवसासह हवी आणि ती भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीशी, तसेच कामगाराच्या बायोडेटाशी जुळायला हवी. कच्च्या नोकरीची पहिली काही महिने निधीत नोंदलेली नसतील, तर ते महिने पत्रात वेगळे सांगावेत. दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या की तिथला वाचणारा दोन्ही कागदांवर शंका घेतो.

पुन्हा लिहिलेला मसुदा

हे सगळे ध्यानात घेऊन किरण यांचे पत्र असे होईल:

‘मी या कारखान्याचा मालक आहे. श्री. किरण दत्तात्रय पाटील (आडनाव पाटील) यांनी आमच्या मशीन शॉपमध्ये 1 जून 2016 ते 31 जुलै 2023 या काळात पूर्णवेळ काम केले. पहिली तीन वर्षे श्री. पाटील सीएनसी लेथचे ऑपरेटर होते. 1 जून 2019 पासून शेवटपर्यंत ते सेटर होते.

सेटर म्हणून फॅनुक कंट्रोलच्या दोन लेथ त्यांच्याकडे होत्या. त्यांवर सीआय आणि एसजी आयर्नच्या पंपांच्या भागांचे टर्निंग होत असे. ड्रॉइंग वाचणे, टूल बसवणे, पहिला भाग मोजून पास करणे ही कामे श्री. पाटील कोणाच्याही मदतीशिवाय करत. नेहमीची टॉलरन्स 0.02 मिलिमीटर होती. तयार प्रोग्राममध्ये ते दुरुस्त्या करत. नवे प्रोग्राम लिहिण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. 2021 पासून त्यांनी दोन नव्या ऑपरेटरना शिकवले.

श्री. पाटील यांनी स्वतःहून राजीनामा दिला. पुन्हा संधी आली तर मी त्यांना याच कामावर घेईन. अधिक माहितीसाठी मला फोन करावा. मी हिंदी आणि इंग्रजीत बोलू शकतो.’

यातले नव्या प्रोग्रामविषयीचे वाक्य अनेक मालक गाळतील. माणसाची उणीव कशाला सांगायची, असे त्यांना वाटेल. पण कुठे सीमा आहे हे सांगणाऱ्या पत्राच्या बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो, आणि किरण यांना पहिल्याच दिवशी न येणारे काम हाती दिले जात नाही. पुन्हा कामावर घेण्याची तयारी ही तर सगळ्यात मोठी शिफारस आहे.

इटालियनमध्ये याचे दुसरे वाक्य ‘इल सिन्योर पाटील आ लाव्होरातो’ असे, स्वच्छ एकवचनात सुरू होते. वर जागा आणि तारीख, मग विषयाची ओळ, शेवटी ‘दिस्तिन्ती सालूती’ किंवा थोडे आपलेपणाचे ‘कोर्दियाली सालूती’, त्याखाली सही आणि शिक्का, अशी मांडणी असते. कंपनीचे नाव माहीत असेल तर त्याआधी ‘स्पेत्ताबिले’ लिहितात. माहीत नसेल तर ‘आ की दी कोम्पेतेन्त्सा’, म्हणजे संबंधितांस. सगळे एका पानात, कारखान्याच्या लेटरहेडवर बसावे. फोन क्रमांक +91 ने सुरू करावा आणि कधी भेटू ते लिहावे. हिवाळ्यात इटली आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन. तिथल्या ऑफिसात सकाळचे दहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे अडीच झालेले असतात.

सही कशावर

मालकांना इटालियन येत नसेल तर त्यांनी न वाचता येणाऱ्या मजकुरावर एकट्याने सही करू नये. मराठी मूळ पत्रावर सही-शिक्का करावा आणि त्याला भाषांतरकाराच्या नावासह, सहीसह इटालियन भाषांतर जोडावे. पाठवण्याआधी इटालियन जाणणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून ते मराठीत किंवा हिंदीत वाचून घ्यावे. वाचणाऱ्याला मूळ मसुदा दाखवू नये. त्याच्या तोंडून तारखा, हुद्दा, धातू आणि मापे बरोबर आली, तर भाषांतर बरोबर आहे.

खासगी कंपनीला सहसा एवढे पुरते. सरकारी कार्यालयाला कागद द्यायचा असेल तर शपथेवरचे भाषांतर मागितले जाऊ शकते. त्यासाठी इटलीत भाषांतरकार मूळ कागद घेऊन न्यायालयाच्या लिपिकासमोर किंवा नोटरीसमोर शपथ घेतो आणि त्यावर 16 युरोंची मुद्रांक तिकिटे लागतात. उमेदवाराने स्वतःच्याच कागदाचे भाषांतर करून अशी शपथ घेणे चालत नाही. अपोस्टिलची गोष्ट वेगळी. 2005 पासून भारत त्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत आहे, पण अपोस्टिल सार्वजनिक दस्तऐवजावर लागते. मालकाचे पत्र खासगी असल्याने आधी नोटरीकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. अपोस्टिल सहीचा आणि शिक्क्याचा खरेपणा सांगते. पत्रातल्या मजकुराची हमी देत नाही. म्हणून यातले काय हवे, हे इटलीतल्या मालकाला आधी लेखी विचारावे आणि मगच खर्च करावा.

कारखानदारांना एक विनंती आहे. जुना कामगार पत्र मागायला आला की लगेच कागद ओढू नका. हजेरीपट, पगारपत्रक आणि उत्पादनाची वही काढा, त्याला शेजारी बसवा, आणि तो कोणत्या मशीनवर, कधीपासून, काय करत होता हे त्याच्याबरोबर नोंदवून घ्या. मग मराठीत लिहा, आणि भाषांतराला देण्याआधी त्याला ते वाचून दाखवा. त्या पत्रावर परमुलखात त्याची नोकरी आणि पगाराची श्रेणी ठरू शकते. तेवढा वेळ त्याला देणे आपले देणेच आहे.